मुलांच्या पुस्तकाचं अरबी पान: जबर, जेर, पेश द्यायचे कधी?

मराठीत 'जरा' असं लिहिलं की तो 'जरा थांब' मधला जरा आहे की म्हातारपण या अर्थाचा, हे लिहिलेलं नसतं. 'ज'चा उच्चार आपण वाक्यावरून ठरवतो आणि आपल्या मुलांनाही तशीच सवय लागते. अरबी वाचणाऱ्याला हे जवळजवळ प्रत्येक शब्दाला करावं लागतं, कारण रोजच्या छापील अरबीत ऱ्हस्व स्वर लिहितच नाहीत. वर्तमानपत्र, कादंबरी, दुकानाची पाटी, सगळीकडे व्यंजनं आणि दीर्घ स्वर तेवढे दिसतात. हा एक शब्द बघा:

```
ذهبت
```

'जहब्तु' वाचला तर 'मी गेलो' किंवा 'मी गेले'. 'जहब्त' म्हटलं आणि शेवटचा 'त' पूर्ण उच्चारला, तर 'तू गेलास'. 'जहब्ति' म्हणजे 'तू गेलीस', आणि 'जहबत्' म्हणजे 'ती गेली'. चौघांची अक्षरं तीच चार. फरक दाखवतात त्या अक्षरांच्या वरखालच्या बारीक खुणा. अरबीत त्यांना हरकत म्हणतात. आपल्याकडे कुराण शिकलेल्या कुणालाही विचारलं तर तो जबर, जेर, पेश ही नावं सांगेल: अनुक्रमे अ, इ, उ. स्वर नसल्याची खूण म्हणजे जजम आणि अक्षर दुप्पट झाल्याची खूण म्हणजे तशदीद. मी हीच नावं वापरते.

मी कोल्हापुरात मुलांच्या चित्रपुस्तकांची अरबी पानं तयार करते. मराठी मजकूर येतो, त्याचा अरबी अनुवाद होतो आणि मग दर वेळी तोच प्रश्न उभा राहतो: खुणा सगळ्या द्यायच्या, थोड्या द्यायच्या की द्यायच्याच नाहीत? 'मुलांचं पुस्तक आहे ना, मग सगळ्या द्या' हे उत्तर बऱ्याचदा बरोबर असतं, पण नेहमी नाही. शिवाय सगळ्या द्यायच्या ठरल्या तरी 'सगळ्या' म्हणजे कुठल्या, हे ठरवायचं उरतंच. एकच पान घेऊन मी ते सांगते.

पान असं आहे

सकाळी मीरा आजोबांबरोबर रंकाळ्यावर गेली. पाण्याजवळ तिला एक छोटं कासव दिसलं. तिने विचारलं, "तुझं घर कुठे आहे?" कासव म्हणालं, "माझं घर माझ्या पाठीवर आहे."

अनुवाद झाल्यावर, खुणांशिवाय, ते असं दिसतं:

```
في الصباح ذهبت ميرا مع جدها إلى بحيرة رنكالا.
رأت سلحفاة صغيرة عند الماء.
سألتها: «أين بيتك؟»
قالت السلحفاة: «بيتي على ظهري».
```

आधी ठरवा: या पानावर तोंड कोण उघडणार?

वय हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा, की पान वाचणार कोण, आणि त्या माणसाला हे शब्द कानाने आधीपासून माहीत आहेत का.

माझ्याकडे तीन तऱ्हेचे वाचक येतात. पहिला म्हणजे अरब घरातलं सहा-सात वर्षांचं मूल, नुकतंच स्वतःचं स्वतः वाचू लागलेलं. घरी ते अरबी बोलतं, पण बोलीतली. 'तुझं घर' हे मुलीला उद्देशून पुस्तकी अरबीत 'बैतुकि' होतं. इजिप्तच्या घरात आई 'बेतिक' म्हणते. शब्दाच्या शेवटचे विभक्तीचे स्वर बोलीत गळून गेलेले आहेत. म्हणजे शब्दाचा सांगाडा मुलाला ओळखीचा असतो, शेपूट नसते. या वाचकाला पूर्ण खुणा हव्यात. अरब शाळांतही पहिल्या इयत्तांची पुस्तकं पूर्ण खुणांची असतात आणि पुढे त्या हळूहळू कमी होत जातात.

दुसरा वाचक म्हणजे नऊ-दहा वर्षांचं अरब मूल. हे मूल शब्द आकारावरून ओळखतं. त्याच्यासमोर खुणांनी गच्च भरलेलं पान ठेवलं की त्याचा वेग कमी होतो आणि 'हे बाळांचं पुस्तक आहे' असंही त्याला वाटतं. त्याला खुणा हव्यात, पण अडेल तिथेच.

तिसरा वाचक आपल्या गल्लीतला आहे. मदरशात किंवा घरी नाजरा, म्हणजे कुराण नुसतं बघून वाचायला, शिकलेलं मराठी बोलणारं मूल. त्याला खुणा लावलेलं अरबी घडाघडा वाचता येतं, पण शब्दांचा अर्थ माहीत नसतो. म्हणून अंदाज बांधायला त्याच्याकडे काही नसतं. एक जबर गाळला तर ते तिथेच थांबतं. त्याला पूर्ण खुणा तर हव्यातच, आणि अरब मुलासाठी आपण 'फालतू' म्हणून सोडून देऊ त्या खुणाही हव्यात.

आई-बाबांनी मोठ्याने वाचून दाखवायच्या, तीन-चार वर्षांच्या मुलांच्या पुस्तकाबद्दल मतभेद आहेत. वाचणारा मोठा माणूस आहे, मग खुणा कशाला, असं काही जण म्हणतात. माझं मत उलट आहे. मोठी माणसंही शेवटचे स्वर अडखळत, चुकत वाचतात, आणि मूल मांडीवर बसून पानाकडे बघतच असतं. तिथेही मी पूर्ण खुणा देते.

खुणांना हात शेवटी लावा

ही पायरी मी नुकसान सोसून शिकले. या पानाच्या पहिल्या खर्ड्यात कासव नव्हतं, बेडूक होता. अरबीत बेडूक म्हणजे 'दिफ्दअ', पुल्लिंगी. मी उत्साहाने त्याच दिवशी खुणा लावून टाकल्या. पुढे चित्रकाराने बेडकाचं कासव केलं. कासव म्हणजे 'सुलहफात', स्त्रीलिंगी. अनुवादकाने प्राणी बदलला, 'लहान' हे विशेषण बदललं, 'तिने त्याला विचारलं'चं 'तिने तिला विचारलं' केलं. हे सगळे बदल अक्षरांत दिसतात, म्हणून ते झाले. राहिला एकच शब्द:

```
بَيْتُكَ
بَيْتُكِ
```

वरचा 'बैतुक', पुरुषाला उद्देशून 'तुझं घर'. खालचा 'बैतुकि', स्त्रीला उद्देशून. अक्षरं तीच, फक्त शेवटच्या काफवरचा जबर खाली जाऊन जेर व्हायला हवा होता. तिघांनी प्रूफ वाचलं, कुणाच्याच नजरेला ते आलं नाही, आणि छापील पुस्तकात मीरा एका कासवीणबाईंशी पुल्लिंगात बोलली. खुणाच नसत्या तर वाचणाऱ्याने आपोआप बरोबर वाचलं असतं. चुकीची खूण ही न दिलेल्या खुणेपेक्षा वाईट, कारण मूल तिच्यावर विश्वास ठेवतं.

म्हणून क्रम असा ठेवा: मजकूर पक्का, चित्र पक्कं, ओळी कुठे तुटणार तेही पक्कं, मगच खुणा. त्यानंतर एक शब्द जरी बदलला तरी ते पूर्ण वाक्य खुणांसकट नव्याने तपासायचं. कारण अरबीत एका शब्दाचा शेवट दुसऱ्या शब्दावर अवलंबून असतो. 'तिला कासव दिसलं' मध्ये कासव कर्म आहे, म्हणून 'सुलहफातन्'. तेच वाक्य 'तिथे एक कासव होतं' असं केलं की 'सुलहफातुन्'. कासव हा शब्द तोच राहतो, त्यावरची खूण मात्र बदलते.

पूर्ण खुणांचं पान

पहिल्या आणि तिसऱ्या वाचकासाठी आपलं पान असं होईल:

```
فِي الصَّبَاحِ ذَهَبَتْ مِيرَا مَعَ جَدِّهَا إِلَى بُحَيْرَةِ رَنْكَالَا.
رَأَتْ سُلَحْفَاةً صَغِيرَةً عِنْدَ الْمَاءِ.
سَأَلَتْهَا: «أَيْنَ بَيْتُكِ؟»
قَالَتِ السُّلَحْفَاةُ: «بَيْتِي عَلَى ظَهْرِي».
```

यात 'सगळ्या' खुणा आहेत असं वाटतं, पण नाहीत. नामाआधी लागणाऱ्या 'अल' या उपपदातल्या अलिफवर मी काहीच दिलेलं नाही, कारण आधी शब्द असला की तो उच्चारला जात नाही. 'अस्सबाह' मधल्या लामवरही काही नाही: तो पुढच्या साद मध्ये विरघळतो आणि सादवर तशदीद येते. 'अल्मा' मध्ये मात्र लाम उच्चारतात, म्हणून त्याच्यावर जजम आहे. लामवर जजम आणि पुढच्या अक्षरावर तशदीद, दोन्ही एकदम दिसलं तर समजा खुणा लावणाऱ्याने यंत्रासारखं काम केलं आहे. पूर्ण खुणांचं पान हातात आलं की मी सगळ्यात आधी हीच जागा बघते. खुणा लावणारा जाणकार आहे की नाही हे तिथे लगेच कळतं.

दुसरी जागा चौथ्या ओळीची सुरुवात. 'ती म्हणाली' म्हणजे 'कालत्', शेवटी जजम. व्याकरणाच्या तक्त्यात असंच असतं. पण पुढे 'अस्सुलहफातु' आहे, म्हणजे दोन स्वरहीन अक्षरं शेजारी आली आणि उच्चार अडला. म्हणून जजम जाऊन जेर येतो: 'कालतिस्सुलहफातु'. तक्ता पाठ असलेला तपासनीस हा जेर चूक समजून जजम करून देतो. पहिल्या ओळीत 'जहबत् मीरा' मध्ये जजम तसाच राहिला, कारण 'मीरा'च्या म ला स्वतःचा स्वर आहे. ज्या वाक्यात क्रियापदापुढे 'अल' येतो तिथे बोट ठेवून मोठ्याने वाचा, जीभच सांगेल.

दीर्घ स्वराआधीची खूण, म्हणजे 'मीरा'च्या म खालचा जेर किंवा 'काल'च्या काफवरचा जबर, खरं तर जास्तीची आहे, कारण दीर्घ स्वर अक्षराने दाखवलेलाच आहे. अरब मुलासाठी ती गाळली तरी चालतं आणि पान थोडं हलकं होतं. आपल्या गल्लीतल्या वाचकासाठी गाळू नका. एक धोका मात्र लक्षात ठेवा: आपल्याकडच्या छापाच्या कुराणात खडा जबर, उलटा पेश अशा खुणा आणि जजमचा वेगळा आकार असतो. मदरशातले एखादे मौलाना प्रूफ बघायला घेतले की सवयीने ते त्या खुणा सुचवतात. त्यांच्या छापात त्या बरोबरच आहेत. पण गोष्टीचं पुस्तक अरब देशात जाणार असेल तर त्या घेऊ नका. तिथे जजम म्हणजे छोटं गोल वर्तुळ. पुस्तक इथल्याच मुलांसाठी असेल तर मौलानांचं ऐकायला हरकत नाही, फक्त संपूर्ण पुस्तकात एकच पद्धत ठेवा.

वाक्याच्या टोकाला काय?

यावर मी सगळ्यात जास्त वाद ऐकले आहेत. वाक्य संपताना माणूस थांबतो, आणि अरबीत थांबलं की शेवटचा ऱ्हस्व स्वर बोलत नाहीत. 'इन्दल्माइ' लिहिलेलं असलं तरी पूर्णविरामाला 'इन्दल्मा' इतकंच ऐकू येतं. मग टोकाच्या शब्दावर जेर द्यायचा की नाही?

तीन मार्ग आहेत: व्याकरणाप्रमाणे खूण द्यायची, बोलतात त्याप्रमाणे जजम द्यायचा, किंवा शेवटचं अक्षर कोरं ठेवायचं. मी सहा-सात वर्षांच्या अरब मुलाच्या पुस्तकात व्याकरणाची खूण देते, कारण तेच मूल उद्या शाळेत ती बघणार आहे आणि थांबताना ती सोडायची हे त्याला शिक्षक शिकवतात. यमक असलेल्या गाण्याच्या पानावर मात्र जजम. तिथे खूण व्याकरणाची दिली तर मूल शेवटचा स्वर उच्चारतं आणि यमक मोडतं. आपल्या पानात 'बैतुकि' प्रश्नचिन्हाआधी आहे, म्हणजे थांबताना 'बैतुक्'च म्हटलं जाणार. तरीही तो जेर मी कुठल्याच पातळीवर काढत नाही, कारण 'तू' कोण ते त्या एका रेघेने कळतं.

थोड्या खुणांचं पान

नऊ वर्षांच्या मुलासाठी पान करताना मी कोरा मजकूर घेते, आणि गोष्ट माहीत नसलेल्या अरबी वाचणाऱ्या व्यक्तीला एकदाच, न थांबता मोठ्याने वाचायला सांगते. ती जिथे अडखळते किंवा मागे जाऊन पुन्हा वाचते तिथे पेन्सिलने टिंब. खुणा त्या टिंबांना मिळतात. आपल्या पानाचं असं झालं:

```
في الصباح ذهبت ميرا مع جدّها إلى بحيرة رَنْكالا.
رأت سُلَحْفاة صغيرة عند الماء.
سألتْها: «أين بيتكِ؟»
قالت السلحفاة: «بيتي على ظَهري».
```

सुरुवातीला दाखवलेला चार अर्थांचा 'जहबत्' इथे कोरा राहिला, हे बघून नवखा माणूस बुचकळ्यात पडतो. पण त्याच्या लगेच पुढे 'मीरा' आहे, म्हणून 'ती गेली' सोडून दुसरं काही वाचताच येत नाही. तिसऱ्या ओळीतल्या 'सअलत्हा'चं तसं नाही. तिथे कर्ता लिहिलेलाच नाही, आणि तेच अक्षरसमूह 'सअल्तुहा' म्हणजे 'मी तिला विचारलं' असंही वाचता येतात. म्हणून त्या ता वर जजम. शब्दाचे किती अर्थ होतात यापेक्षा त्या जागी शेजारचा शब्द किती मदत करतो, हे बघून खूण द्यायची.

'जद्दिहा' म्हणजे 'तिचे आजोबा' यावरची तशदीद मी ठेवली. तशदीद ही मी सगळ्यात शेवटी काढते, कारण तिच्यावाचून अक्षर गळल्यासारखंच होतं. 'हमाम' म्हणजे कबुतरं, मधल्या म वर तशदीद दिली की 'हम्माम', म्हणजे न्हाणीघर. कासव हा लांबलचक शब्द पहिल्यांदा येतो तिथे खुणा, दुसऱ्यांदा येतो तिथे कोरा. 'जहरी', 'माझी पाठ', यातलं पहिलं अक्षर पेशने वाचलं की 'जुहर', म्हणजे दुपार. अर्थावरून कळतं, पण गोष्टीची गंमत याच शब्दावर आहे आणि ऐन गमतीच्या जागी मूल अडखळायला नको, म्हणून तिथे जबर.

आणि रंकाळा. परभाषेतलं नाव कुठल्याही पातळीवर कोरं सोडू नका. काहिरातल्या मुलाने हे नाव आयुष्यात ऐकलेलं नाही. ते रुंकाला, रिंकाला काहीही वाचेल. 'ळ' अरबीत नाही, तिथे लाम येणार हे ठरलेलंच. सुदैवाने मीरा आणि रंकाळा दोन्ही अलिफवर संपतात, म्हणून शेवटी विभक्तीची खूण लावायचा प्रश्नच आला नाही. व्यंजनावर संपणारं मराठी नाव असेल, उदाहरणार्थ 'अनिल', तर आतल्या खुणा द्या आणि शेवटचं अक्षर कोरं ठेवा.

छापखान्यात जाण्याआधी

खुणा लावताना चुकून अक्षरच बदललं किंवा पुसलं गेलं, असं फार होतं. ते डोळ्यांना सापडत नाही. खुणांचा मजकूर `khuna_pan` मध्ये आणि कोरा पक्का मजकूर `pakka_pan` मध्ये ठेवून मी दोन्हींतल्या खुणा काढून टाकते आणि उरलेला सांगाडा जुळतो का बघते:

```
import re
def kora(s):
    return re.sub('[\u064B-\u0652\u0656\u0657\u0670\u06E1]', '', s)
print(kora(khuna_pan) == kora(pakka_pan))
```

`False` आलं तर कुठेतरी अक्षर हललं आहे. `True` आलं म्हणजे खुणा बरोबर आहेत असं नाही. 'बैतुक' आणि 'बैतुकि' ही चाळणी एकच समजते. त्यासाठी माणूसच लागतो.

पानाच्या मांडणीत InDesign वापरत असाल तर `Adobe World-Ready Paragraph Composer` निवडलेलं आहे ना ते बघा, नाहीतर खुणा अक्षरापासून सुटून भलतीकडे जातात. फाँट असा घ्या ज्यात तशदीद आणि जेर एकत्र आल्यावर नीट बसतात. `Amiri` किंवा `Scheherazade New` मध्ये बसतात. 'जद्दिहा' हा शब्द टाकून बघा: बहुतेक छापील अरबीत तशदीदबरोबरचा जेर अक्षराच्या खाली न येता वर, तशदीदच्या पोटाखाली येतो. तो तिथे बघून 'हा तर जबर झाला' असं समजून कुणी बदलू नये. पूर्ण खुणांच्या पानाला दोन ओळींतलं अंतर मी अक्षराच्या मापाच्या जवळजवळ दुप्पट ठेवते. वरच्या ओळीचा जेर आणि खालच्या ओळीचा जबर एकमेकांना चिकटले की कुठला कुणाचा ते कळत नाही.

मजकूर फक्त काळ्या प्लेटवर जायला हवा. चार रंग मिसळून केलेल्या काळ्यात रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, केसभर जरी हललं तरी जाड अक्षर तगतं, पण जबराची रेघ दुहेरी होते. आणि मांडणी करणाऱ्या मुलाला पान देताना समोर बसून सांगा. आमच्याकडे एकाने चित्रावर आलेल्या खुणा निवांतपणे पुसून टाकल्या होत्या. विचारलं तर म्हणाला, "ताई, मला वाटलं स्कॅनिंगची धूळ हाय."

शेवटचं प्रूफ मी पडद्यावर बघत नाही. खऱ्या मापात कागदावर काढते आणि अरबी जाणणाऱ्या, पण हा अनुवाद पूर्वी न पाहिलेल्या माणसाला वाचायला देते. त्याला सांगायचं, तुम्हाला जे बरोबर वाटतं ते वाचू नका, खूण जे सांगते तेच वाचा. मी शेजारी मराठी मजकूर घेऊन बसते आणि प्रत्येक 'तू' आला की चित्रात बघते, तो की ती.